मुलीच्या मनगटाला फ्रॅक्चर, पण प्लास्टर नाही, नुसता पट्टा. बरोबर आहे का?

मुक्ताची_आई (फोंडा) · सोमवार, सकाळ

नमस्कार. मुलगी साडेसात वर्षांची. परवा शनिवारी संध्याकाळी मागच्या अंगणात विहिरीकडे जाताना चिऱ्यांवरच्या शेवाळावरून पाय घसरला आणि उजवा हात टेकून पडली. दहा मिनिटं रडली, मग गप्प झाली. आम्हाला वाटलं मुरगळला असेल. रविवारी सकाळी तिला ब्रश धरता येईना. सूज जवळजवळ नाही, पण मनगटाच्या थोडं वर, अंगठ्याच्या बाजूला बोट ठेवलं की ओरडायची.

एक्स-रे काढला. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, बकल फ्रॅक्चर, डिस्टल रेडियस. व्हेल्क्रोचा मनगटाचा पट्टा दिला, तीन आठवडे घाला म्हणाले, आंघोळीला काढला तरी चालेल, आणि परत दाखवायला यायची गरज नाही, दुखणं वाढलं तरच या. सगळं पाच मिनिटांत.

घरी आल्यापासून वाद चालू आहे. सासूबाई म्हणतात हाड मोडलंय तर पक्कं प्लास्टर का नाही. त्यांचं बोलणं मी उडवून लावू शकत नाही, कारण गेल्या वर्षी माझ्या दिरांच्या मुलालाही असाच पट्टा दिला होता आणि बाराव्या दिवशी त्याचा हात डोळ्यांना दिसेल इतका वाकला. तेव्हाही "छोटं फ्रॅक्चर आहे" असंच सांगितलं होतं. चवथ दहा दिवसांवर आहे, घर माणसांनी भरेल, मुलं अंगणात धावतील. मी दुसरीकडे जाऊन प्लास्टर घालून घेऊ का?

---

सांखळीकर_६२ · सोमवार, सकाळ

ताई, काळजी करू नका. मुलांची हाडं वाढत असतात, वाकडी बसली तरी आपोआप सरळ होतात. मी नऊ वर्षांचा असताना काजूच्या झाडावरून पडलो, आमच्या गावच्या हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या, हात जरा वाकडाच बसला होता. आज बघा, फरक कळत नाही. प्लास्टर, पट्टा काहीही चालतं. वाढ सगळं भरून काढते.

---

बांदोड्याचे_डॉक्टर · सोमवार, दुपार

मी हाडांचा डॉक्टर, आता निवृत्त. फिल्म पाहिल्याशिवाय मुक्ताच्या हाताबद्दल निकाल देणार नाही, पण तुमच्या प्रश्नाचा नेमका गाठीचा भाग सांगतो. तुमच्या मुलीचं आणि दिरांच्या मुलाचं फ्रॅक्चर बहुधा एकाच जातीचं नव्हतं.

गोडेतेलाचा पत्र्याचा डबा उभा आपटला की बुडाजवळ पत्र्याला गोल फुगवटा येतो. पत्रा फाटत नाही, डबा गळत नाही, फक्त तिथे घडी पडते. मुलाच्या मनगटाजवळचं हाड असंच मऊ आणि सच्छिद्र असतं. हात टेकून पडलं की हाताच्या पाठीकडच्या बाजूला ते दाबलं जाऊन फुगतं. तळहाताकडची बाजू अखंड राहते. हे बकल. अखंड बाजूमुळे ते हलत नाही. प्लास्टरचं काम हलणारं हाड धरून ठेवणं, आणि इथे धरून ठेवायला काही नाही. पट्टा दुखू नये म्हणून आणि पुन्हा आपटलं तर आधार म्हणून.

आता आकाशकंदिलासाठी ओली कामटी वाकवताना काय होतं ते आठवा. बाहेरच्या बाजूचे धागे तडकून उघडतात, आतली बाजू वाकते पण तुटत नाही. हे ग्रीनस्टिक. पडताना हात मागे दुमडतो म्हणून तडकणारी बाजू बहुतेक वेळा तळहाताकडची असते. ती उघडली की फक्त एक वाकलेली बाजू उरते, आणि ती पहिल्या दोन आठवड्यांत आणखी वाकू शकते. दिरांच्या मुलाचं जे झालं त्याचं वर्णन असंच आहे.

म्हणजे प्लास्टर की पट्टा हा वाद नंतरचा. आधी बघायचं ते आडव्या फिल्मवर, तळहाताकडची रेघ अखंड आहे की तुटली आहे.

सांखळीकर, तुमच्या म्हणण्यात अर्ध खरं आहे, त्यावर नंतर सविस्तर लिहितो. "काहीही चालतं" हे मात्र खरं नाही. कामट्या करकचून बांधलेले हात मी पाहिले आहेत. आतलं रक्त अडून स्नायू मेले, बोटं कायमची आखडली. ज्याचं नशीब बरं तो तुमच्यासारखा सांगायला उरतो, आखडलेल्या बोटांचा माणूस ही गोष्ट सहसा सांगत नाही.

---

फिल्म_रूम (डिचोली) · सोमवार, दुपार

मी एक्स-रे तंत्रज्ञ. डॉक्टरांनी ज्या आडव्या फिल्मबद्दल लिहिलं ती आम्ही लॅटरल म्हणतो. ताई, तुमच्याकडे दोन फिल्म असतील. एकीत दोन्ही हाडं शेजारी शेजारी दिसतील. दुसरीत मनगटाजवळ एक हाड दुसऱ्यावर पडलेलं दिसायला हवं. ते एकावर एक नसून बाजूला सरकलेलं दिसत असेल, तर मूल हलल्यामुळे हात तिरका पडला होता. अशा तिरक्या फिल्मवर तळहाताकडची तुटलेली रेघ लपू शकते आणि वाक कमी दिसू शकतो. रडणाऱ्या मुलाची फिल्म पुष्कळदा अशीच येते, आणि गर्दीत पुन्हा काढली जात नाही. मुक्ताची फिल्म खिडकीच्या काचेला लावून बघा आणि काय दिसतं ते लिहा. फोनने तिरका फोटो काढून अंश मोजू नका, तो फोटोच कोन बदलतो.

---

मुक्ताची_आई (फोंडा) · सोमवार, रात्र

बघितली. आडव्या फिल्ममध्ये दोन्ही हाडं मनगटाशी बरोबर एकावर एक आहेत. मनगटापासून साधारण दोन बोटं वर, पाठीकडच्या रेघेला एक छोटा उंचवटा आहे, भाकरीच्या कडेला फुगा यावा तसा. तळहाताकडची रेघ मी नखाने खालून वरपर्यंत गिरवली, कुठे तुटलेली नाही. वाक मला तरी दिसत नाही.

मग जाऊबाईंना फोन करून त्यांच्याकडची गेल्या वर्षीची जुनी फिल्म मागवली. उद्या मिळेल.

---

बांदोड्याचे_डॉक्टर · सोमवार, रात्र

तुम्ही जे लिहिलंत ते बकलशी जुळतं. तरी दोन गोष्टी बघा. कोपर पूर्ण सरळ आणि पूर्ण दुमडता येतं का, आणि कोपराजवळ दाबून दुखत नाही ना. हात टेकून पडल्यावर दुखणं मनगटाशी असतं म्हणून कोपर कोणी बघत नाही. मनगटाची इजा मनगटाचीच आहे याची खात्री त्याने होते. दुसरं म्हणजे तो उंचवटा वाढीच्या चकतीपर्यंत, म्हणजे हाडाच्या टोकाजवळच्या ज्या थरातून हाड लांबीत वाढतं तिथवर, पोचत नाही ना. तुम्ही दोन बोटं वर म्हणता म्हणजे लांब आहे. चकतीपर्यंत जाणारी रेघ असती तर ते बकल नव्हे, आणि त्याची देखरेख वेगळी.

पट्ट्याबद्दल विश्वास बसावा म्हणून सांगतो. ब्रिटनमध्ये २३ रुग्णालयांतल्या ४ ते १५ वयाच्या ९६५ मुलांवर तपासणी झाली, २०२२ साली लॅन्सेटमध्ये छापून आली. सगळ्यांचं मनगटाचं बकल. निम्म्यांना कडक पट्टा किंवा प्लास्टर, निम्म्यांना नुसतं मऊ बँडेज देऊ केलं आणि लगेच घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशीच्या दुखण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता, आणि पुढच्या सहा आठवड्यांत हात वापरण्यातही नाही. तुमच्या डॉक्टरांनी दिलं ते त्याहूनही जास्त आधाराचं आहे. "परत येऊ नका" हेही निष्काळजीपणातून नाही. खऱ्या बकलमध्ये पुढची फिल्म काही नवीन सांगत नाही. त्यांनी ते पाच मिनिटांत सांगितलं, एवढीच उणीव.

---

वाळपई_दवाखाना · मंगळवार, सकाळ

डॉक्टर, आदर ठेवून असहमत आहे. तुम्ही सांगता ते शहरातल्या, हाडांच्या डॉक्टरने बघितलेल्या फिल्मसाठी ठीक. माझ्याकडे सत्तरी तालुक्यातल्या वाड्यांवरून मुलं येतात. फिल्म अनेकदा तिरकी, रिपोर्ट दोन दिवसांनी. बकल म्हणून पट्टा दिला आणि निघालं ग्रीनस्टिक, तर आई परत यायला बस नाही, दुसरं मूल कडेवर. पट्टा मुलगा तिसऱ्या दिवशी झाडावर लटकवतो. म्हणून मी सरसकट कोपराखालचं प्लास्टर घालतो. चार आठवडे कोणी काढणार नाही याची तरी खात्री असते.

---

बांदोड्याचे_डॉक्टर · मंगळवार, दुपार

तुमची अडचण खरी आहे आणि ती मी कमी लेखत नाही. पण प्लास्टरही परत येण्याची मागणी करतंच. ते काढायला करवत लागते, आणि ऑगस्टमध्ये ते भिजतं, आतून कातडी कुजते. पहिल्या दोन दिवसांत सूज वाढून घट्ट झालं तर रात्री बस नसलेल्या वाडीवर काय करायचं? म्हणून ताज्या इजेला निदान पहिले दिवस पक्क्याऐवजी कच्चं प्लास्टर, ते घरी कापता येतं.

माझा मार्ग असा होता. तळहाताकडची रेघ अखंड आहे असं मला शपथेवर सांगता येत असेल तर पट्टा आणि निरोप. सांगता येत नसेल, फिल्म तिरकी असेल, तर ते ग्रीनस्टिक आहे असं समजून वागायचं आणि सात ते दहा दिवसांत दुसरी फिल्म काढायची. फिल्म का काढायची तर त्या काळात वाकलं तर हाड अजून हलकेच सरळ करता येतं. तीन आठवड्यांनी कळलं तर तोवर नवं हाड धरलेलं असतं.

आणि एक गोष्ट तुमच्या बाजूनेही नाही आणि माझ्याही. टोरांटोत ५ ते १२ वयाच्या ९६ मुलांवर काम झालं, २०१० मध्ये छापलं. मनगटाजवळचं ग्रीनस्टिक किंवा आडवं फ्रॅक्चर, वाक १५ अंशांपर्यंत. तिथे तयार पट्टाही प्लास्टरइतकाच चालला. म्हणजे थोड्या वाकलेल्या ग्रीनस्टिकलाही प्लास्टर अनिवार्य नाही, पण ती मुलं नजरेखाली होती. नजर नसेल तर तुमचं प्लास्टर मला समजतं.

---

वाळपई_दवाखाना · मंगळवार, रात्र

नजरेखाली, याच शब्दावर माझं अडतं. कच्च्याचं मान्य. बकल खात्रीने असेल तिथे पट्टा द्यायला हरकत नाही. बाकी प्लास्टर मी सोडणार नाही.

---

स्मिता_म्हापसा · मंगळवार, रात्र

माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या, पंधरा दिवसांपूर्वी न्हाणीघरात पडल्या, मनगटाचं फ्रॅक्चर. त्यांना सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलंय. इथे वाचून वाटतं पट्टा चालला असता. काढून घ्यावं का?

---

बांदोड्याचे_डॉक्टर · मंगळवार, रात्र

नाही ताई, कृपा करून काढू नका. हा सगळा धागा वाढत्या हाडांचा आहे. ६८ व्या वर्षीचं हाड ठिसूळ झाल्यामुळे तुटतं, दोन्ही बाजूंनी तुटतं, आणि वाकडं बसलं तर वाढ त्याला सरळ करायला येत नाही. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय तेच करा.

---

मुक्ताची_आई (फोंडा) · बुधवार, दुपार

जाऊबाईंनी फिल्म पाठवली. दोन्ही खिडकीला शेजारी लावल्या. दिरांच्या मुलाच्या पहिल्या फिल्ममध्येही पाठीकडे तसाच उंचवटा आहे, म्हणून तेव्हा बकल म्हणाले असावेत. पण तळहाताकडच्या रेघेला एक बारीक फट आहे. केसाएवढी, पण आहे. तिथून मनगटाकडचा भाग थोडा मागे झुकलेला. मुक्ताच्या फिल्ममध्ये ती फट नाही. तीन दिवस घरात जो वाद चालला त्याचं उत्तर त्या एका रेघेत होतं.

त्याची हकिगत अशी. तेव्हा तो आठ वर्षांचा. पाचव्या दिवशी पट्टा काढून फुटबॉल खेळायला गेला. बाराव्या दिवशी हात मागे वाकलेला दिसला, दुसऱ्या फिल्मवर २२ अंश सांगितले. पहिल्या दिवशी दहा होते. दुसऱ्या डॉक्टरांनी पुन्हा सरळ न करता तसंच चार आठवडे प्लास्टर घातलं आणि म्हणाले वाट बघा. जाऊबाई तेव्हा फार रडल्या, उद्या हात वाकडाच राहिला तर काय म्हणून. आठ महिन्यांनी फिल्म काढली तेव्हा १४ अंश. आता चौदा महिने होत आले, वरून काहीच दिसत नाही. फिल्मवर नऊ आहेत म्हणे.

सांखळीकर काका म्हणाले तेच झालं ना मग?

---

सांखळीकर_६२ · बुधवार, दुपार

तेच तर मी म्हणत होतो.

---

बांदोड्याचे_डॉक्टर · बुधवार, रात्र

इथे तुम्ही बरोबर आहात, आणि का बरोबर आहात ते महत्त्वाचं. पुढाकातल्या, म्हणजे कोपर ते मनगट या भागातल्या, अंगठ्याकडच्या हाडाची, रेडियसची, सुमारे ८० टक्के लांबीची वाढ मनगटाजवळच्या चकतीतून होते. हाड वाकलं की ती चकतीही तिरकी होते. मग ती एका बाजूने जास्त वाढून स्वतःला पुन्हा आडवी करते. सरळ होण्याचं बरंचसं काम ती करते. त्याशिवाय वाकलेल्या जागीच पोकळ बाजूला हाड भरतं आणि फुगीर बाजूचं झिजतं. दोन्ही मिळून मनगटाजवळ साधारण महिन्याला एक अंश. तुमच्या पुतण्याचे आकडे बघा, आठ महिन्यांत २२ चे १४, चौदा महिन्यांत ९. हिशेब जुळतो.

पण हे जुळलं कारण चार गोष्टी त्याच्या बाजूने होत्या. तो आठ वर्षांचा, म्हणजे वाढ बरीच शिल्लक. वाक चकतीच्या अगदी जवळ. वाक पुढे-मागे होता, ज्या दिशेने मनगट हलतं त्याच दिशेने. आणि हाड पिळलेलं नव्हतं. यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत कठोर. पिळलेलं हाड वाढ सरळ करत नाही. चौदा वर्षांची मुलगी किंवा सोळाचा मुलगा, चकती बंद होत आलेली, त्यांना २२ अंश तसेच ठेवायला कोणी सांगणार नाही. आणि वाक पुढाकाच्या मध्यावर असेल तर चकती लांब राहते, तिचा हात तिथवर पोचत नाही.

म्हणून पहिल्याच दिवशी काय पकडायचं ते पकडलं गेलं असतं तर तुमच्या जाऊबाईंची चौदा महिन्यांची धाकधूक टळली असती.

---

पेडण्याचा_बाबा · गुरुवार, सकाळ

चार दिवस हा धागा वाचतोय. मध्यावरच्या वाकाबद्दलचं वाक्य वाचून धस्स झालं. मुलगा ११ वर्षं ४ महिने. सायकलवरून पडला. डाव्या पुढाकाची दोन्ही हाडं, अगदी मध्यावर, ग्रीनस्टिक. भूल देऊन सरळ करून कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर घातलं. सरळ केल्यावर ६ अंश होते. काल आठव्या दिवशी फिल्म काढली, १३ अंश. डॉक्टर म्हणाले शनिवारी परत बघू, कदाचित पुन्हा करावं लागेल. मी तर विचारणार होतो की त्यालाही पट्टा देऊन वाढीवर सोडता येईल का. पुन्हा भूल द्यायचं मन होत नाही.

---

बांदोड्याचे_डॉक्टर · गुरुवार, दुपार

तुमच्या मुलाला पट्टा नको, आणि निव्वळ वाढीवर सोडणंही नको, हे स्पष्ट लिहितो. नाव एकच, ग्रीनस्टिक, पण मध्यावरचं ग्रीनस्टिक म्हणजे दुसरंच प्रकरण. वाकलेली पण न तुटलेली बाजू कामटीसारखी परत आपल्या वाकाकडे जायला बघते, म्हणून सरळ केल्यानंतरही ते ढळतं. सहाचे तेरा याचा अर्थ डॉक्टरांचं काम वाईट होतं असा नाही.

आणि मध्यावर वाक राहिला तर नुसतं दिसायला वाईट नाही. पुढाकाची दोन हाडं एकमेकांभोवती फिरतात, त्यांच्यातली जागा आणि वळण बिघडलं की तळहात वर करता येत नाही. तीर्थ घ्यायला हात पुढे केला की तळवा पूर्ण वर व्हायला हवा. अर्ध्यात अडकला तर माणूस खांदा वाकवून भागवतो.

---

वाळपई_दवाखाना · गुरुवार, दुपार

माझ्या भाच्याचं हेच. बारा वर्षांचा होता, मध्यावर १५ अंश ठेवले, "भरून निघेल" म्हणून. आता वीस वर्षांचा आहे. काम सगळं करतो, पण डाव्या हाताचा तळवा पूर्ण वर जात नाही. दुसरा एक मुलगा बघितलाय, जवळजवळ तितकाच वाक, आणि त्याला काहीही अडचण नाही. का ते मला सांगता येत नाही.

---

बांदोड्याचे_डॉक्टर · गुरुवार, रात्र

कारण वाकाबरोबर पीळ किती होता ते फिल्मवर नीट दिसत नाही. यावर हाडांच्या डॉक्टरांतही एकमत नाही. दहा वर्षांनंतर मध्यावर १० अंशांपलीकडे बरेच जण राहू देत नाहीत. काही जण साडेअकराच्या मुलाची चार-पाच वर्षांची वाढ धरून थोडं जास्त सोडतात. मी पहिल्या गटातला होतो. न तुटलेली बाजू मुद्दाम तोडून हाड पूर्ण मोकळं करायचं का, यावरही दोन मतं आहेत. तोडली तर परत वाकायचा ताण जातो, पण मग धरून ठेवायला तीही बाजू उरत नाही.

पेडण्याच्या बाबांनी शनिवारी तीन गोष्टी विचाराव्यात. पीळ आहे का. प्लास्टर कापून पाचर घालून वाक काढता येईल का, म्हणजे कदाचित भूल टळेल. आणि प्लास्टर मध्यावर पुरेसं दाबून, चपटं घातलंय का, कारण गोल सैल प्लास्टरमध्ये हाड हलतं. उशीर करू नका. दुसरा आठवडा संपेपर्यंत हे सोपं असतं, पुढे दर दिवशी अवघड होतं.

प्लास्टरच्या आत दुखणं वाढत गेलं, औषधाने थांबेना, बोटं सरळ करताना मुलगा किंचाळला किंवा बोटं बधिर झाली, तर शनिवारची वाट बघायची नाही. त्याच क्षणी रुग्णालय.

---

पेडण्याचा_बाबा · रविवार, रात्र

काल झालं. पाचर घालून बघितलं, तीनच अंश फरक पडला, म्हणून भूल देऊनच केलं. दुसरी बाजू तोडली. मी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी शांतपणे चित्र काढून दाखवलं, मलाही कळलं. आता फिल्मवर ४ अंश. पीळ नाही म्हणाले. रात्री बोटं स्वतः सरळ करून बघतो, दुखत नाही त्याला.

फुटबॉल कधी ते विचारायचं राहिलं.

---

बांदोड्याचे_डॉक्टर · सोमवार, सकाळ

सहा आठवडे प्लास्टर धरा, त्यानंतरही फुटबॉल, सायकल, झाडावर चढणं आणखी काही आठवडे नको. मध्यावरचं ग्रीनस्टिक त्याच जागी पुन्हा मोडण्याची सवय बाळगून असतं. ताणाची बाजू वरून जुळलेली दिसते पण आतून कच्ची असते. फिल्मवर दोन्ही बाजूंनी हाड भरलेलं दिसेपर्यंत थांबा. मुक्ताच्या बकलला हे काही लागू नाही.

---

मुक्ताची_आई (फोंडा) · रविवार, संध्याकाळ

काल तीन आठवडे झाले. पहिले चार दिवस वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल लागलं, मग नाही. कोपर पहिल्याच दिवशी तपासलं होतं, ठीक होतं. चवथीला तिने पट्टा घालून माटोळीला सुपाऱ्या बांधायला मदत केली, फुगडी मी घालू दिली नाही. दुसऱ्या आठवड्यात आंघोळीनंतर पट्टा घालायला विसरायची, तरी काही बिघडलं नाही.

आज पट्टा काढला. सासूबाईंनी स्वतः अंगठ्याने त्या जागी दाबून बघितलं, ती हसत होती. मनगट जरा आखडलंय, आठवडाभर वापरून सुटेल असं वाटतं. हाताला एक छोटी टणक गाठ लागते, ती नव्या हाडाची असावी. पुन्हा फिल्म काढली नाही.

जाऊबाई विचारतात, नऊ अंश उरलेत तेही जातील का?

---

बांदोड्याचे_डॉक्टर · रविवार, रात्र

गाठ नव्या हाडाची, काही महिन्यांत विरेल. पोहणं, पळापळ सुरू करू द्या, उंचावरून उड्या दोन-तीन आठवड्यांनी. पुतण्याचे नऊही बहुतेक जातील, वाढ अजून बरीच आहे. पण आता त्यासाठी फिल्म काढू नका. तळवा वर-खाली दोन्ही हातांनी सारखा होतो का तेवढं बघा.

पेडण्याकडून काय बातमी?

---

पेडण्याचा_बाबा · सोमवार, सकाळ

एक आठवड्यानंतरच्या फिल्मला ५ अंश होते, परवाच्या फिल्मला ७. डॉक्टर म्हणाले आता हाड धरतंय, इथेच राहील असं वाटतं, तरी पुढच्या शनिवारी एकदा बघतील. मुलगा रोज विचारतो प्लास्टर कधी काढणार. शनिवारची फिल्म इथे लिहितो.